भेटवस्तू मुहूर्त टळल्यावर पोचली तर: भरपाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधून, तसंच मुंबईतल्या चाकरमान्यांकडून याबाबत जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. वाढदिवस होऊन गेल्यावर पार्सल आलं. वस्तू चांगली आहे. तरी पैसे परत मिळतात का?

ऑनलाइन घेतलेली असेल आणि विक्रेत्याने सांगितलेली तारीख उलटली असेल, तर मिळतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 हे 23 जुलै 2020 पासून लागू आहेत. त्यांतल्या नियम 6 प्रमाणे, सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा माल उशिरा आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. स्वतःचा साठा स्वतःच विकणाऱ्या कंपन्यांसाठी हीच अट नियम 7 मध्ये आहे. वस्तू फुटकी किंवा सदोष असायला हवी, अशी अट त्यात नाही. उशीर झाला एवढं कारण पुरतं.

यात दोन गोष्टी मात्र पाहाव्या लागतात. तारीख खरोखर सांगितली होती का (प्र. 2), आणि उशीर आसमानी संकटामुळे झाला का (प्र. 6).

2. पानावर ‘अंदाजे 5 ते 7 दिवस’ असं होतं. याला कबूल केलेली तारीख म्हणायचं का?

सातवा दिवस ही विक्रेत्याने स्वतः सांगितलेली शेवटची तारीख. ‘अंदाजे’ या शब्दाने एखाद्या दिवसाची सूट त्याला मागता येईल, पण पंधरा दिवसांचा उशीर त्या शब्दामागे लपत नाही. काहीच तारीख दिली नसेल, तर वस्तू विक्री कायदा, 1930 च्या कलम 36 प्रमाणे वाजवी वेळेत माल पाठवणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. वाजवी किती हे वस्तूवर अवलंबून असतं. आंब्याच्या पेटीचे दिवस वेगळे आणि कपाटाचे वेगळे.

खरी फसगत होते ती ‘2 दिवसांत डिस्पॅच’ या शब्दांत. ती माल निघण्याची तारीख आहे, पोचण्याची नव्हे. मुंबईहून पुण्याला निघालेलं पार्सल दुसऱ्या दिवशी दारात असतं. देवगड किंवा गुहागरच्या एखाद्या वाडीसाठी निघालेलं पार्सल आधी तालुक्याच्या शाखेत येतं आणि तिथे गावाकडची फेरी होईपर्यंत थांबतं. म्हणून ऑर्डर करण्याआधी तुमच्या गावचा पिनकोड टाकून दिसणारी तारीख पाहा आणि तिचा स्क्रीनशॉट तेव्हाच काढून ठेवा. ऑर्डर झाल्यावर त्याच पानावरची तारीख गुपचूप पुढे सरकते, आणि महिन्याने तुमच्या हातात दाखवायला काही उरत नाही.

3. लग्नासाठी हवंय हे विक्रेत्याला माहीत असण्या-नसण्याने काय फरक पडतो?

पैसे परत मागण्यात फारसा पडत नाही, पण त्यावरच्या भरपाईत पुष्कळ पडतो. करार कायदा, 1872 चं कलम 73 दोन प्रकारचं नुकसान भरून देतं. एक म्हणजे करार मोडल्यावर सहज, नेहमीच्या ओघात होणारं, आणि दुसरं म्हणजे करार करतानाच दोघांना ठाऊक असलेलं. मुहूर्त 12 मेचा आहे हे त्याला ठाऊकच नसेल, तर ऐनवेळी दुसरी भेट घ्यावी लागेल हेही त्याला ठाऊक नव्हतं, असं तो म्हणणार.

कलम 55 चाही इथेच संबंध येतो. वेळ हा कराराचा गाभा होता असं दिसलं, तर तारीख टळताच करार रद्द करण्याचा हक्क तुम्हाला मिळतो.

हे ठाऊक असल्याचा पुरावा बहुतेक वेळा आपल्या हातातच असतो, पण लक्षात येत नाही. ऑर्डर करताना ‘गिफ्ट मेसेज’च्या रकान्यात ‘12 मे, शुभविवाह’ असं लिहिलेलं असतं, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘10 तारखेच्या आत पायजे, हळद आहे’ असा निरोप गेलेला असतो. सगळ्यात भक्कम पुरावा वस्तूवरच कोरलेला असतो: ज्या समईवर किंवा फ्रेमवर विक्रेत्याने स्वतःच लग्नाची तारीख कोरली आहे, ती तारीख माहीत नव्हती असं त्याला म्हणता येत नाही.

4. पार्सल उशिरा आलंय. घ्यावं की परत पाठवावं?

बहुतेकांचा दावा इथेच ढिला पडतो, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

वेळ महत्त्वाची असलेल्या करारात उशिरा आलेली वस्तू तुम्ही स्वीकारलीत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही, असं कलम 55 म्हणतं. अपवाद एकच. स्वीकारतानाच ‘भरपाई मागणार आहे’ असं विक्रेत्याला कळवलेलं असेल, तर हक्क शाबूत राहतो. आठवड्याने केलेली तक्रार ही ‘स्वीकारतानाची’ नव्हे.

अडचण अशी की ऑर्डर करणारा असतो डोंबिवलीला आणि पार्सल घेते गावची काकी. डिलिव्हरीवाला ओटीपी विचारतो, काकी तो देते, आणि नोंदीत माल स्वीकारला गेला असं होतं. काकीने काय कळवायचं? म्हणून कळवण्याचं काम पार्सल येण्याची वाट न पाहता करून टाकावं. कबूल केलेली तारीख संपली की त्याच संध्याकाळी विक्रेत्याला ईमेल किंवा चॅटवर एवढं लिहा:

‘ऑर्डर क्र. ___. माल 8 मेपर्यंत देण्याचे कबूल केले होते. तो आलेला नाही. लग्न 12 मे रोजी आहे. यापुढे माल आल्यास उशिराबद्दल नुकसानभरपाई मागण्याचा हक्क राखूनच तो घेतला जाईल.’

माल आला की त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, ‘आज 15 मे रोजी पार्सल मिळाले, वरील हक्क राखून घेतले आहे’ असा दुसरा निरोप पाठवा. चॅट बंद झाल्यावर मजकूर नाहीसा होतो, म्हणून त्याचेही स्क्रीनशॉट ठेवा. कस्टमर केअरला फोनवर सांगितलं असेल तर त्याच विषयाची एक ओळ ईमेलने पाठवा, कारण फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्ड त्यांच्याकडे राहतं, तुमच्याकडे नाही.

वस्तू नकोच असेल आणि पैसे घरी आल्यावर द्यायचे असतील, तर पार्सल न घेणं सर्वांत सोपं. पैसे आधीच भरले असतील आणि परत करायचं असेल, तर ते उघडू नका आणि वापरू नका. समई एकदा देवापुढे लागली की पूर्ण पैसे मागणं अवघड होतं. मग उशिरापुरती भरपाईच मागता येते.

5. भरपाईचा आकडा कसा काढायचा? एक उदाहरण द्या.

राजापूर तालुक्यात 12 मेचं लग्न. मामाने 20 एप्रिलला भाचीसाठी नावं आणि तारीख कोरलेली पितळी समयांची जोडी मागवली. किंमत 6,800 रुपये, जलद डिलिव्हरीचे 400, एकूण 7,200. कबूल तारीख 8 मे. ती टळल्यावर मामाने प्र. 4 मधला निरोप पाठवला आणि 10 मेला रत्नागिरीत तशाच वजनाची, कोरीव नसलेली जोडी 7,900 ला घेतली. पार्सल 15 मेला आलं तेही राजापूरच्या शाखेपर्यंतच. आणायला रिक्षाचे 300 गेले.

मामा समया परत करणार असेल तर हिशेब असा: परत मिळायचे 7,200, ऐनवेळच्या खरेदीत जास्त गेलेले 700 (7,900 वजा 7,200), आणि रिक्षाचे 300. एकूण 8,200. परतीच्या कुरियरचा खर्च विक्रेत्याच्या माथी. इथे लोक हमखास चुकतात. 7,200 आणि 7,900 अशी बेरीज करून 15,100 मागतात. तसं झालं तर रत्नागिरीची जोडी मामाला फुकट पडेल. वेळेवर माल आला असता तर तुम्ही जिथे असता, तिथे तुम्हाला आणून ठेवणं एवढंच कायदा करतो.

समया ठेवायच्या असतील, तर जलद डिलिव्हरीचे 400 (ती सेवा मिळालीच नाही) आणि रिक्षाचे 300 हे ठाम मागता येतात. तारीख टळल्याने वस्तूचं मोल उतरलं म्हणून त्यावर काही रक्कम मागता येते, पण ती तडजोडीची बाब आहे. दुसऱ्या जोडीची पूर्ण किंमत या वाटेने मिळेल असं धरून चालू नका.

मनस्तापाची रक्कम यात नाही. तो वेगळा विषय (प्र. 7).

एक उलटी बाजूही आहे. दुसरी भेट सहज घेता येत होती आणि तुम्ही हातावर हात ठेवून बसलात, तर कलम 73 चं स्पष्टीकरण तुमच्या विरुद्ध जातं. नुकसान कमी करायला काय साधन हाताशी होतं, तेही हिशेबात धरलं जातं.

6. विक्रेता म्हणतो, कोकणात पाऊस होता, दरड पडली. मग काही करता येत नाही का?

आसमानी संकटामुळे उशीर झाला तर ई-कॉमर्स नियमांतली परतफेडीची सक्ती लागू होत नाही, हे खरं. पण संकट आणि उशीर यांचा सांधा जुळायला हवा. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. 24 जुलैला चिपळूणमार्गे पोचायचं पार्सल त्यात अडकलं असेल, तर विक्रेत्याचं म्हणणं रास्त. जे पार्सल 15 जुलैला पोचायला हवं होतं आणि 20 तारखेपर्यंत गोदामातच पडून होतं, त्याला पुराचं कारण लागू पडत नाही.

हे ट्रॅकिंगवरून कळतं. लेबल तयार झाल्याची नोंद, जसं `Manifested`, म्हणजे माल निघाला असं नव्हे. तो फक्त कागद झाला. `Picked Up` ही नोंद कधीची आहे ते पाहा. दोन्हींमध्ये पाच दिवसांचं अंतर असेल, तर ते पाच दिवस विक्रेत्याचे आहेत, पावसाचे नव्हेत.

नेहमीचा पाऊस हेही कारण नव्हे. कोकण रेल्वे दरवर्षी पावसाळी वेळापत्रक लावते आणि घाटात वाहतूक मंदावते, हे इथे माल पाठवणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. त्याने तारीखच तशी द्यायला हवी होती.

7. लग्नात रिकाम्या हाताने उभं राहावं लागलं. मनस्तापाचे किती मागावेत?

ग्राहक आयोग मनस्तापाची भरपाई देऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या दशकापासून हे मान्य केलं आहे. पण रकमेला दर नाही, आणि ती वस्तूच्या किमतीशी व विक्रेत्याच्या वागण्याशी मेळ खाणारी असावी. सात हजारांच्या समईवर दोन लाख मागितले, की खरा दावाही हलका वाटू लागतो. नुसत्या उशिरापेक्षा उशिरानंतर विक्रेता कसा वागला, हे इथे जास्त मोजलं जातं. खोटी उत्तरं, बंद केलेली चॅट, ‘उद्या येईल’ असे पाच निरोप हे सगळं तारीखवार मांडा.

हॉलचं भाडं, प्रवासखर्च, पंगतीचा खर्च हे मात्र मिळत नाहीत. समई आली असती तरी ते झालेच असते.

8. ट्रॅकिंगवर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ आलं, पण कोणी आलंच नव्हतं.

तालुक्यापासून लांबच्या वाड्यांबाबत ही तक्रार फार येते. `Consignee not available` अशी नोंद झाली की उशीर तुमच्या नावावर चढतो, म्हणून ती त्याच दिवशी खोडावी लागते. फोनमधला त्या दिवसाचा कॉल लॉग काढून ठेवा, आणि ‘कोणत्या वेळी, कोणत्या नंबरवर फोन केला, ते कळवा’ असं लेखी विचारा. उत्तर न येणं हाही पुढे उपयोगी पुरावा ठरतो.

गावात रेंज नसते ही मात्र आपली बाजू लंगडी करणारी गोष्ट. पत्त्यात दुसरा नंबर, वाडीचं नाव आणि ठळक खूण (‘ब्राह्मणदेवाच्या घाटीखालचं घर’ चालतं, ‘शाळेजवळ’ चालत नाही, कारण शाळा तीन असतात) दिलेली नसेल, तर उशिराचा काही वाटा तुमच्याकडे येईल.

9. मी मुंबईत, भाची राजापूरला. तक्रार कोणी आणि कुठे करायची?

मामा करू शकतो, आणि भाचीही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक धरला जातो. पण पैसे ज्याच्या खात्यातून गेले आणि बोलणी ज्याने केली त्याने केलेली तक्रार सुटसुटीत पडते.

तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगात ती दाखल करता येते. विक्रेता जयपूरचा असला तरी जयपूरला जावं लागत नाही. कोकणात ही ठिकाणं म्हणजे अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरी (ओरोस).

10. कोणत्या क्रमाने जायचं? वकील लागतो का?

आधी विक्रेत्याच्या किंवा संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. त्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. ती निकाल देत नाही, कंपनीपर्यंत तक्रार पोचवते. छोट्या रकमांचे बरेच वाद इथेच मिटतात.

तेवढ्याने भागलं नाही, तर 15 दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा, आणि मग जिल्हा आयोग. तक्रार `e-jagriti.gov.in` वर घरबसल्या दाखल होते. वस्तूसाठी दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागत नाही, प्रतिज्ञापत्र मात्र लागतं. मुदत दोन वर्षांची आहे. पण चॅट आणि ट्रॅकिंगच्या नोंदी त्याच्या कितीतरी आधी पुसल्या जातात.

11. विक्रेता कुरियरकडे बोट दाखवतो, संकेतस्थळ विक्रेत्याकडे. कोणाला धरायचं?

कुरियरला पैसे विक्रेत्याने दिले, त्याची निवडही विक्रेत्याने केली. ‘कुरियरच्या हाती दिला म्हणजे माल तुम्हालाच दिला’ असा वस्तू विक्री कायद्याच्या कलम 39 चा आधार कधीकधी घेतला जातो. पण तो साधारण नियम आहे. ‘8 मेपर्यंत राजापूरला पोचवू’ असं कबूल केल्यावर पोचवणं हाही करारच झाला. तक्रारीत विक्रेता आणि संकेतस्थळ दोघांनाही पक्षकार करा. मग एकमेकांकडे बोट दाखवायचं काम ते आयोगापुढे करतील.

12. मीच वस्तू घेऊन कुरियरने पाठवली आणि कुरियरने उशीर केला. तेव्हा?

हा दावा कमकुवत असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘जबाबदारी अमुक रुपयांपर्यंतच’ असं छापलेलं असतं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सही केलेल्या कुरियर पावतीवरची अशी मर्यादा ग्राह्य धरली आहे. ती अट अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल, तर 2019 च्या कायद्यात तशी वाट आहे. पण ती तक्रार जिल्हा आयोगात नव्हे, राज्य आयोगात करावी लागते. पाचशे रुपयांच्या कुरियरसाठी तेवढी उठाठेव कोणी करत नाही. म्हणून पावतीवर सही करण्याआधी वस्तूची किंमत लिहा, विम्याचे पैसे भरा आणि ‘12 मेआधी पोचवणे’ हे हाताने लिहून घ्या. टपालाने पाठवलं असेल तर नियमांत ठरवून दिलेल्या रकमेपलीकडे जबाबदारी नाही. 2023 च्या पोस्ट ऑफिस कायद्यातही तसंच आहे.

13. विक्रेत्याने 500 रुपयांचं कूपन दिलं. घेतलं तर दावा संपतो का?

‘पूर्ण तडजोड’ असे शब्द असतील आणि तुम्ही मान्य केलंत, तर संपतो. कूपन घ्यायचंच असेल तर ‘तूर्त स्वीकारत आहे, परताव्याची मागणी कायम आहे’ असं उत्तर द्या. काही ठिकाणी बटण दाबताच तक्रार आपोआप बंद होते. बटणाखालची ओळ वाचल्याशिवाय दाबू नका.

14. इन्स्टाग्रामवरून घरगुती विक्रेत्याकडून घेतलं. बिल नाही. हेच नियम लागतात का?

धंदा म्हणून सातत्याने विकत असेल तर लागतात. घरातली एखादी जुनी वस्तू विकणाऱ्याला नाहीत. बिलाऐवजी यूपीआयचा व्यवहार क्रमांक, खात्यावर दिसलेलं नाव आणि चॅट जपून ठेवा. नोटिशीसाठी त्याचा पोस्टाचा पत्ता लागतो, तो पार्सलवरच्या लेबलवर असतो. खोकं फेकण्याआधी त्याचा फोटो काढा.

15. आम्ही बागायतदार. हापूसची पेटी वाढदिवसानंतर पोचली, ग्राहक पूर्ण पैसे मागतो. द्यायचे का?

‘3 मेला वाढदिवस आहे, त्याआधी पोचेल ना?’ या प्रश्नाला तुम्ही ‘हो, पोचेल’ असं उत्तर दिलं असेल, तर द्यावे लागतील. पेटीला ट्रॅव्हल्सवाल्याकडे उशीर झाला, हे तुमचं आणि ट्रॅव्हल्सवाल्याचं भांडण. त्यात आंबा वाटेतच जास्त पिकून काळा पडला असेल, तर माल सदोष ठरून बाजू आणखी कमजोर होते.

पैसे घेण्याआधी चॅटवर साफ लिहा: ‘29 एप्रिलला पेटी गाडीत बसेल. ही निघण्याची तारीख आहे. आंबा पाडाला आलेला, घरी पिकायला 4 ते 5 दिवस लागतील.’ ग्राहकाने ‘ठीक आहे’ म्हटलं की मोजमाप त्या तारखेपासून होतं. आणि वाढदिवसाला पिकलेलाच आंबा हवा असेल, तर त्याला आधीची गाडी घ्यायला सांगा किंवा सरळ नाही म्हणा.